शेअर बाजारात नसलेल्या गिरणीचा वटाव दर

भंडारा जिल्ह्यात वरठीला सनफ्लॅग आयर्न अँड स्टीलचा कारखाना आहे. या कंपनीचा शेअर मुंबईच्या बाजारात रोज विकला जातो, त्यामुळे तिची किंमत बाजार किती मानतो हे कोणालाही मोबाइलवर दिसते. तिथून फार लांब नसलेल्या तुमसर-मोहाडी पट्ट्यात धानाच्या अनेक राइस मिल आहेत आणि त्यांतल्या बहुतेक एकेका घराण्याच्या आहेत. त्यांचा भाव कुठेच लागत नाही. धंदा सुरळीत चालतो तोवर कोणाला त्याची गरजही वाटत नाही. भाऊ वेगळे व्हायचे ठरवतात, एखादा हिस्सेदार बाहेर पडतो किंवा नवा भागीदार पैसे घालायला तयार होतो, तेव्हा मात्र गिरणीची किंमत किती हा प्रश्न समोर येतो. आणि त्याच्या उत्तरातला सर्वांत मोठा वाद एका टक्केवारीवर असतो, ती म्हणजे वटाव दर.

पुढच्या वर्षी मिळणारा एक लाख रुपया आज एक लाखाचा नसतो. त्याची वाट पाहावी लागते, शिवाय तो मिळेलच याची खात्री नसते. या दोन्हींचा मोबदला म्हणून वर्षाला 22 टक्के हवे असतील, तर त्या लाखाची आजची किंमत सुमारे 82 हजार होते. हे 22 टक्के म्हणजेच वटाव दर. गिरणी पुढच्या सगळ्या वर्षांत मालकांच्या हाती जे पैसे देईल, ते या दराने आजच्या किमतीत आणून त्यांची बेरीज केली की गिरणीचे मूल्य निघते. दर जितका चढा, तितके मूल्य कमी.

नोंदणीकृत कंपनीसाठी हा दर काढताना तिच्या शेअरचा भाव बाजाराच्या तुलनेत किती वरखाली होतो ते मोजतात. त्या मापाला बीटा म्हणतात. गिरणीला भावच नाही, म्हणून तिला बीटाही नाही. तांदळाच्या नोंदणीकृत कंपन्यांचा बीटा उसना घ्यावा, असे कोणी सुचवतो. पण केआरबीएल किंवा एलटी फूड्स या मुख्यतः बासमती, ब्रँड आणि निर्यात यांवर चालणाऱ्या कंपन्या आहेत. तुमसरची गिरणी आसपासचे धान घेते, सरकारची भरडाई करते आणि कनकी, कोंडा, भुसा विकते. दोघांच्या धंद्यात तांदूळ आहे, पण जोखीम वेगळी आहे. अशा वेळी मूल्यांकनकार बेरजेची पद्धत वापरतात. आधी बिनजोखमीचा दर घ्यायचा आणि त्यावर एकेका जोखमीसाठी काही टक्के चढवत जायचे. इंग्रजी अहवालांत हिला बिल्ड-अप पद्धत म्हणतात.

आपल्याकडे एकेकाळी हे काम सरकारच्या एका आकड्यावर भागत असे. कंट्रोलर ऑफ कॅपिटल इश्यूजच्या 1990च्या मार्गदर्शक सूचनांत नफ्याचे भांडवली मूल्य काढण्यासाठी उत्पादन करणाऱ्या कंपनीला 15 टक्के, व्यापारी कंपनीला 20 टक्के आणि दोन्हींच्या मधलीला साडेसतरा टक्के असे दर ठरलेले होते. 1992 साली ते कार्यालयच बंद झाले. तयार आकडा गेला आणि प्रत्येक टक्क्याचे कारण देण्याची जबाबदारी मूल्यांकन करणाऱ्यावर आली. माझ्या मते हे चांगले झाले, पण ती जबाबदारी खरोखर पार पाडली गेली तरच.

समजण्यासाठी एक कल्पित गिरणी घेऊ. तुमसर तालुक्यातल्या तीन भावांची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, तिघांचा सारखा हिस्सा. थोरले दादा 61 वर्षांचे आहेत, शेतकरी, दलाल आणि अधिकारी त्यांनाच ओळखतात. मधला हिशेब पाहतो. धाकट्याला हिस्सा विकून नागपुरात वेगळा धंदा करायचा आहे. मूल्यांकनाची तारीख 31 मार्च 2024.

दराआधी रक्कम ठरवावी लागते, कारण दर कितीही अचूक असला तरी चुकीच्या रकमेला लावून उपयोग नाही. कर, बँकेचे व्याज आणि हप्ते, तसेच यंत्रे बदलण्यासाठी बाजूला काढायचे पैसे वजा केल्यावर वहीत वर्षाला 90 लाख उरलेले दिसतात. पण तिघे भाऊ गिरणीत राबतात आणि पगार घेत नाहीत. त्यांच्या जागी माणसे ठेवली तर वर्षाला 27 लाख लागतील. गोदामाची जागा आईच्या नावावर आहे, तिचे भाडे लागत नाही. बाजारभावाने ते 13 लाख होईल. हा 40 लाखांचा खर्च धरला की कर सुमारे 10 लाखांनी कमी होतो, म्हणून उरलेल्या रकमेत 30 लाखांची घट येते. मालकांच्या हाती खऱ्या अर्थाने पडणारी रक्कम 60 लाख. कुटुंबाच्या धंद्यात फुकट श्रम आणि फुकट जागा हा नफ्याचा भाग दिसतो, पण विकत घेणाऱ्याला तो मिळत नाही.

आता पहिली पायरी. सरकारच्या 10 वर्षांच्या रोख्यावर मार्च 2024 अखेरीस 7 टक्क्यांहून किंचित जास्त परतावा मिळत होता. आपण 7 धरू. या 7 टक्क्यांत महागाईची अपेक्षा आलेली असते, म्हणून गिरणीची पुढची वाढही महागाई धरूनच मोजली पाहिजे. आपण ती वर्षाला 5 टक्के मानू.

दुसरी पायरी म्हणजे रोखे सोडून शेअरमध्ये पैसे घालण्याबद्दल गुंतवणूकदाराला मिळायला हवा असा जास्तीचा परतावा. सेन्सेक्स मार्च 2004 अखेरीस 5,591 होता आणि मार्च 2024 अखेरीस 73,651. म्हणजे 20 वर्षे दरसाल सुमारे पावणेचौदा टक्के चक्रवाढ. वर लाभांशाचा सव्वा-दीड टक्का धरून रोख्यांचे सात-साडेसात टक्के वजा केले की हाती साडेसातच्या आसपास आकडा येतो. पण हीच मोजणी मार्च 2008पासून, सेन्सेक्स 15,644 असताना सुरू केली, तर वाढ दरसाल दहाच्या थोडी वर येते आणि फरक चारच्या आसपास उरतो. बाजार तोच, शेवटची तारीख तीच, फक्त सुरुवात चार वर्षांनी सरकली. म्हणून या पायरीवर दशांश चिन्हानंतर दोन अंक लिहिणारा अहवाल नसलेली अचूकता दाखवत असतो. आपण 7 घेऊ, आणि तो एक अंदाज आहे हे अहवालात लिहू.

तिसरी पायरी धंद्याच्या आकाराची. अमेरिकेत रोल्फ बान्झ यांनी 1981 साली न्यूयॉर्क शेअर बाजाराच्या 1936 ते 1975च्या आकडेवारीवरून दाखवले की लहान कंपन्यांच्या शेअरनी, जोखीम जमेस धरूनही, मोठ्यांपेक्षा जास्त परतावा दिला होता. तेव्हापासून लहान धंद्यासाठी दोन, तीन, पाच टक्के चढवण्याची रीत पडली. हा सगळ्या बेरजेतला सर्वांत डळमळीत आकडा आहे. एक तर पुढच्या दशकांत अमेरिकेतच हा फरक बराच ओसरला. दुसरे म्हणजे तिथली लहान म्हणवली जाणारी नोंदणीकृत कंपनीसुद्धा आपल्या गिरणीच्या कितीतरी पट मोठी असते. आणि तिसरे, त्या जास्तीच्या परताव्यातला काही भाग असा आहे की लहान कंपनीचे शेअर पटकन विकता येत नाहीत, त्याची ती भरपाई असते. हा तिसरा मुद्दा पुढे पुन्हा लागणार आहे. आपण 3 टक्के घेऊ.

चौथी पायरी उद्योगाची. तांदळाची मागणी मंदीत फारशी आटत नाही, पण सरकारच्या एका अधिसूचनेने बाजार हलतो. सप्टेंबर 2022मध्ये कनकीच्या निर्यातीवर बंदी आली, 20 जुलै 2023 रोजी बासमती नसलेल्या पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबली. यासाठी 1 टक्का. इथपर्यंत बेरीज 18 होते, आणि हे 18 कोणत्याही भावाच्या बाजूचे नाहीत. भांडण पुढच्या पायरीवर सुरू होते.

पाचवी पायरी म्हणजे या एकाच गिरणीची स्वतःची जोखीम. हिच्यासाठी कोणतेही कोष्टक नाही. समजा, पहिल्या मसुद्यात मूल्यांकनकाराने इथे 8 टक्के चढवले आहेत. दादांवरच्या अवलंबित्वाचे 3, सरकारी भरडाईवर भिस्त असल्याचे 2, वैनगंगेच्या पुराचा 1, निर्यातबंदीचा 1 आणि जुन्या यंत्रांचा 1. एकूण दर 26. पुढच्या वर्षीची रक्कम 63 लाख, तिला 26 वजा 5, म्हणजे 21 टक्क्यांनी भागले की गिरणीचे मूल्य 3 कोटी आणि धाकट्याचा हिस्सा 1 कोटी.

हा मसुदा तपासण्याची एक साधी युक्ती आहे. या दराच्या आसपास प्रत्येक टक्का गिरणीच्या मूल्यातला साधारण विसावा भाग खातो. म्हणून प्रत्येक टक्क्यापाशी थांबून विचारावे: या एका कारणाने गिरणीच्या पुढच्या सगळ्या कमाईतला विसावा भाग जाईल, असे आपल्याला खरोखर वाटते का? शिवाय तो पैसा आधीच दुसरीकडे कुठे वजा झाला आहे का?

जुनी यंत्रे घ्या. ती बदलण्याचा खर्च 60 लाखांचा आकडा काढतानाच वजा झाला आहे. तोच पुन्हा दरात घालणे म्हणजे एकाच खर्चाची दोनदा वसुली. हा 1 टक्का गेला.

पुराचे तसेच. ऑगस्ट 2020च्या अखेरीस मध्य प्रदेशातल्या संजय सरोवरातून पाणी सोडल्यावर वैनगंगेने भंडाऱ्यात काय केले ते जिल्ह्याने पाहिले आहे. धोका खरा आहे, पण त्याचा विमा उतरवता येतो. समजा, आपली गिरणी विम्याचा हप्ता भरते आणि तो खर्चात धरलेला आहे. मग विम्याबाहेर जे नुकसान उरते, म्हणजे काही दिवस गिरणी बंद राहणे, ते 60 लाखांच्या अंदाजात थोडी घट करून दाखवावे. दरात टक्का चढवला तर पूर दरवर्षी आणि कायम येतो असे मानल्यासारखे होते. हाही टक्का गेला.

निर्यातबंदी उद्योगाच्या 1 टक्क्यात आलेली आहे, म्हणून इथे तिला जागा नाही. पुढे 28 सप्टेंबर 2024 रोजी पांढऱ्या तांदळावरची बंदी उठली. पण मूल्यांकनाची तारीख 31 मार्च 2024 असल्यामुळे अहवाल नोव्हेंबरमध्ये लिहिला तरी ही बातमी त्यात वापरता येत नाही. त्या दिवशी जे ठाऊक होते किंवा ठाऊक असू शकत होते, तेवढ्यावरच किंमत ठरते. सोयीची बातमी उचलण्याचा मोह दोन्ही बाजूंना होतो.

भरडाईचा मुद्दा मात्र टाकून देण्यासारखा नाही. सरकारी धान भरडायला घेतले की गिरणीला प्रत्येक क्विंटलमागे 67 किलो कच्चा तांदूळ परत द्यावा लागतो. उकड्यासाठी हे प्रमाण 68 किलो आहे. धान ओले असले किंवा त्यात तूट जास्त निघाली, तर कमी पडलेला तांदूळ गिरणीच्या माथी. भरडाईचे पैसे कधी येतील तेही गिरणीच्या हातात नसते. समजा, गेल्या दहा वर्षांच्या वह्या सांगतात की एका वर्षी हे काम जवळजवळ थांबले आणि त्या वर्षी हाती पडणारी रक्कम निम्मी झाली. दहातून एकदा निम्मी घट म्हणजे सरासरी 5 टक्के घट. 60 लाखांचे 57 लाख होतात. 22 टक्के दराने गणित केले तर मूल्य 3 कोटी 71 लाखांवरून 3 कोटी 52 लाखांवर येते. रक्कम तशीच ठेवून दर वाढवून हाच परिणाम साधायचा असता, तर 0.9 टक्का चढवावा लागला असता. म्हणजे वह्यांच्या आधारावर या जोखमीची किंमत 1 टक्का निघते, 2 नव्हे. अशा रीतीने टक्का आधी मनात धरून मग कारण शोधण्याऐवजी वहीतल्या अनुभवावरून टक्का काढता येतो. एक काळजी मात्र घ्यावी, की घट रकमेत दाखवली तर दरात टक्का नको, आणि दरात टक्का घेतला तर रक्कम 60 लाखच राहू द्यावी.

राहिले दादांचे 3 टक्के. इथे गणितापेक्षा एक वेगळाच प्रश्न निर्णायक ठरतो: हिस्सा विकत कोण घेतो आहे? पूर्ण गिरणी बाहेरच्या माणसाला विकायची असेल आणि दादा घरी बसणार असतील, तर 3 टक्के रास्त आहेत. नव्या मालकाला शेतकऱ्यांचा विश्वास पहिल्यापासून मिळवावा लागेल. तेव्हा 18, अधिक 1, अधिक 3, असा दर 22 होतो आणि गिरणी 3 कोटी 71 लाखांची. पण धाकट्याचा हिस्सा दादा आणि मधला मिळून घेत असतील, तर दादा गिरणीतच राहणार आहेत. स्वतःच्या जाण्याची भीती दाखवून त्यांनी भावाचा हिस्सा स्वस्तात घेणे न्यायाचे होत नाही. त्यांच्या वयाचा आणि तब्येतीचा धोका उरतोच, त्यासाठी 1 टक्का ठेवावा. दर 20, मूल्य 4 कोटी 20 लाख, धाकट्याला 1 कोटी 40 लाख. पहिल्या मसुद्यात तो 1 कोटी घेऊन गेला असता.

एवढे झाल्यावर अहवालाच्या शेवटी आणखी एक वजाबाकी दबा धरून असते. शेअर सहज विकता येत नाहीत म्हणून मूल्यातून 20 टक्के वजा करण्याची प्रथा आहे. 22 टक्के दराच्या मूल्यावर ही वजाबाकी केली, तर ती दर आणखी सव्वाचार टक्क्यांनी वाढवल्याइतकी पडते. आकारासाठी चढवलेल्या 3 टक्क्यांत विकण्यातल्या अडचणीची भरपाई काही अंशी आलेली होती, हे आपण पाहिले आहेच. ती पुन्हा पूर्ण घेणे म्हणजे दुहेरी कापणी. आणि घरातल्या व्यवहारात तर घेणारा समोर पैसे घेऊन उभा असतो, तिथे गिऱ्हाईक मिळत नाही ही सबब लागूच होत नाही. बाहेरच्या माणसाने अल्प हिस्सा घेतला तर प्रश्न वेगळा आहे. घरच्या वाटणीत ही वजाबाकी मी मान्य करणार नाही.

चुका ओळखण्याच्या आणखी दोन खुणा सांगतो. वाढ महागाई वगळून शून्य धरली आणि दर मात्र महागाईसकट 22 ठेवला, तर मूल्य 2 कोटी 73 लाखांवर येते, म्हणजे जवळजवळ एक कोटी नुसत्या विसंगतीने गायब होतात. अहवालात वाढीचा आकडा शोधून तो कसा धरला आहे ते पाहावे. दुसरी खूण बँकेच्या व्याजाची. धानाच्या हंगामात गिरणी कॅश क्रेडिटवर चालते. बेरजेने काढलेला दर हा मालकांच्या पैशाचा दर आहे. तो व्याज देऊन उरलेल्या रकमेलाच लावायचा असतो. व्याजापूर्वीच्या नफ्याला तो लावला आणि बँकेचे कर्ज वजा करायचे राहिले, तर गिरणी आहे त्यापेक्षा श्रीमंत दिसते.

शेवटी निघालेला आकडा मालमत्तेशी ताडून पाहावा. सर्वोच्च न्यायालयाने 1972 साली महादेव जालान खटल्यात, चालू असलेल्या खासगी कंपनीचे शेअर सर्वसाधारणपणे कमाईच्या क्षमतेवरून जोखावेत आणि मोडीच्या हिशेबाने मूल्य अपवादात्मक परिस्थितीतच काढावे, अशी भूमिका घेतली होती. तो खटला संपत्ती करासंबंधीचा होता, पण तर्क आजही उपयोगी आहे. तरी कंपनीच्या नावावरची जमीन, यंत्रे आणि साठा विकून कर्ज फेडल्यावर 5 कोटी उरत असतील, तर 4 कोटी 20 लाखांचा आकडा धाकट्याने मुकाट्याने मानू नये. चालू गिरणीपेक्षा बंद गिरणी जास्त मोलाची असेल, तर दर 20 असावा की 22, हा वाद गौण ठरतो.

तुमच्या घरात असा प्रसंग येणार असेल तर एक विनंती आहे. कोणता भाऊ विकणार आणि कोणता घेणार हे पक्के होण्याआधीच सगळ्यांनी बसून पाचही पायऱ्यांचे टक्के आणि त्यांची कारणे कागदावर लिहून सह्या कराव्यात. दादा राहिले तर किती आणि गेले तर किती, हे दोन्ही आकडे त्याच कागदावर असू द्यावेत.